ब्लॅकसॉडचा बॅरोमीटर आणि ४ जून १९४४ चा नकाशा

मी जहाजावर होतो तेव्हा ब्रिजवर वेदरफॅक्सचं मशीन असायचं, त्यातून ओलसर करड्या कागदावर नकाशा हळूहळू बाहेर यायचा, आणि नवीन पोरगा असला की त्याची नजर पहिल्यांदा जाते ती मोठ्या 'L' वर, म्हणजे लो, कमी दाबाच्या केंद्रावर. कुठे आहे लो, किती खोल आहे, आपल्यापासून किती लांब. मीही तेच करायचो. नंतर कळलं की लोचं केंद्र हा त्या कागदावरचा सगळ्यात कमी कामाचा भाग असतो, कारण आपण तिथे नसतोच, आपण असतो त्याच्या कडेला कुठेतरी, आणि तिथे काय चाललंय ते रेषा आणि फ्रंट सांगतात.

हे समजवायला मला एकच प्रकरण पुरतं, ते म्हणजे दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरलं तेव्हाचा हवामानाचा नकाशा. गोष्ट बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते, की वादळ होतं, दोस्तांचा सरसेनापती आयझेनहॉवरने एक दिवस थांबायचं ठरवलं, मग वादळात फट सापडली आणि सैन्य निघालं. पण ती फट नकाशावर दिसली कशी, हे फार कमी ठिकाणी नीट सांगितलंय, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितोय.

आधी परिस्थिती. बेत ५ जूनचा होता. चंद्राचा उजेड हवा, पहाटे ओहोटी हवी, या दोन्ही गोष्टी जुळणारे दिवस ५, ६ आणि ७ जून एवढेच, ते हुकले तर पुन्हा साधारण दोन आठवड्यांनी, तेही चंद्राशिवाय. वाऱ्याची अट अशी की किनाऱ्यावर येणारा वारा जोराच्या पट्टीवर फोर्स ३ च्या वर नको, म्हणजे दहा नॉटच्या, ताशी साधारण १८ किलोमीटरच्या आतबाहेर. हवामानाचे तीन वेगवेगळे गट काम करत होते, अमेरिकन हवाई दलाचा, ब्रिटिश हवामान खात्याचा डन्स्टेबलला, आणि रॉयल नेव्हीचा. रोज टेलिफोनवर या तिघांचं भांडण व्हायचं आणि त्यातून एक मत काढून आयझेनहॉवरपुढे मांडायचं काम ग्रुप कॅप्टन जेम्स स्टॅगकडे होतं.

भांडण कशावर होतं ते बघा. नकाशा तिघांकडे जवळपास तोच. दक्षिणेला अझोर्स बेटांजवळ हाय, म्हणजे जास्त दाबाचा नेहमीचा डोंगर. उत्तर अटलांटिकमध्ये एकामागोमाग एक लो, रांग लावल्यासारखे, पश्चिमेकडून पूर्वेला निघालेले. अमेरिकन गटातला अर्विंग क्रिक जुने नकाशे काढून त्यातला आजच्यासारखा कुठला ते शोधायचा आणि तेव्हा पुढे काय झालं ते बघून अंदाज द्यायचा. त्याला वाटत होतं की अझोर्सच्या हायचं बोट वर सरकून इंग्लिश खाडीवर येईल आणि लो उत्तरेकडूनच निघून जातील, म्हणजे ५ तारीख चालेल. डन्स्टेबलचे सी. के. एम. डग्लस आणि नॉर्वेचे स्वेर पेटरसन म्हणत होते की अजिबात नाही, ही रांग थांबणार नाहीये, हाय मागे हटतोय, ५ ला खाडीत जोराचा वारा असणार.

पेटरसन नॉर्वेतल्या बर्गेनच्या हवामानशास्त्राच्या परंपरेतला माणूस. तिथेच पहिल्या महायुद्धाच्या आसपास हे फ्रंट प्रकरण शोधलं गेलं आणि शब्द सुद्धा युद्धातूनच उचलला, दोन सैन्यं समोरासमोर भिडतात ती रेषा म्हणजे फ्रंट, तशी इथे गार हवा आणि उबदार हवा भिडते ती रेषा. शाळेच्या पुस्तकात 'आघाडी' म्हणतात पण बोलताना फ्रंटच म्हणतो आपण. नकाशावर त्रिकोण असलेली रेषा म्हणजे कोल्ड फ्रंट, गार हवा मागून घुसतेय. अर्धगोल असलेली म्हणजे वॉर्म फ्रंट. त्रिकोण ज्या बाजूला टोचतायत त्या बाजूला फ्रंट चाललाय, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आता रेषा. आयसोबार म्हणजे सारखा दाब असलेली ठिकाणं जोडणारी रेषा, युरोपच्या नकाशावर साधारण ४ मिलिबारच्या फरकाने काढलेली असते (आता हेक्टोपास्कल म्हणतात, आकडा तोच). वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ वाहील असं वाटतं ना, पण पृथ्वी फिरते म्हणून तो वळतो आणि शेवटी रेषांना जवळपास समांतर वाहायला लागतो, समुद्रावर दहा-वीस अंश लोच्या बाजूला कललेला, जमिनीवर त्याहून जास्त. दिशा काढायची युक्ती जुनी आहे, बाइस बॅलट नावाच्या डच माणसाची: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, लो तुमच्या डाव्या हाताला. दक्षिण गोलार्धात उजव्या. मी थर्ड ऑफिसर असताना डर्बनच्या खाली हे उलट करायला विसरलो होतो आणि वारा पार दुसऱ्या दिशेने येणार असं ठासून सांगितलं होतं, कॅप्टनसाहेब काही बोलले नाहीत, फक्त चहा ठेवून दाराबाहेर गेले आणि वाऱ्यात उभं राहून माझ्याकडे बघत राहिले.

तर ४ जूनला पोर्ट्समथला उभे राहा, आयझेनहॉवरचं ठाणं साउथविक हाउस तिथेच जवळ होतं. एक खोल लो स्कॉटलंडच्या बाजूला, दाब ९८० च्या आसपास, जूनच्या मानाने फारच खाली, असा लो लोक डिसेंबर-जानेवारीत बघतात. पोर्ट्समथवरून तो वायव्येला. डावा हात वायव्येला करा, तोंड आपोआप ईशान्येला येतं, पाठ नैऋत्येला, म्हणजे वारा नैऋत्येचा. दमट, उबदार, ढगाळ हवा. आणि या लोच्या केंद्रातून खाली, आयर्लंडच्या पश्चिमेकडून अटलांटिकमध्ये लोंबत आलेली कोल्ड फ्रंटची लांब शेपूट. सगळं प्रकरण या शेपटीवर अडकलेलं होतं.

कारण फ्रंटच्या अलीकडे आणि पलीकडे आयसोबार एका सरळीत नसतात. फ्रंटपाशी येऊन ते खटकन वाकतात, V सारखा कोपरा तयार होतो. पेन्सिल घ्या आणि एका रेषेवरून हळूहळू चालवा, नैऋत्येकडून ईशान्येला जात असलेली पेन्सिल फ्रंटच्या जागी मोडून वळते, त्या कोपऱ्याच्या मागे रेषा वायव्येकडून आग्नेयेला उतरतात. म्हणजे फ्रंट तुमच्या डोक्यावरून गेला की वारा नैऋत्येचा वायव्येचा होतो, झटक्यात. त्याबरोबर आणखी खुणा असतात: बॅरोमीटर उतरत असतो तो थांबून चढायला लागतो, पाऊस एकदा जोरात पडून थांबतो, हवा गार आणि धुतल्यासारखी स्वच्छ होते, लांबचं दिसायला लागतं. यातलं एकच दिसलं तर घाई नको, दोन-तीन एकदम दिसले की समजा फ्रंट गेला.

पण या खुणा समुद्रात कोण बघणार? नकाशावर फ्रंटची रेषा दिमाखात काढलेली असते, पण ती काढताना त्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी निरीक्षणं असतात, युद्धात तर त्याहून कमी, मधली रेषा काढणाऱ्याच्या अनुभवाची. शंभर-दीडशे किलोमीटर इकडे तिकडे सहज. आणि फ्रंट पाच तास आधी की पाच तास नंतर यावरच सगळं अवलंबून असेल तर तेवढी चूक जड जाते.

म्हणून आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, मेयो परगण्यातल्या ब्लॅकसॉडला महत्त्व आलं. अटलांटिकवरून येणारी हवा जमिनीला पहिल्यांदा जिथे लागते त्यातलं हे ठिकाण. आयर्लंड युद्धात तटस्थ होता पण हवामानाची निरीक्षणं ब्रिटनला देत होता. पोस्टात मॉरीन फ्लॅव्हिन नावाची मुलगी कामाला होती, बॅरोमीटर, थर्मामीटर वाचून आकडे पाठवायचे हेही तिच्याच कामात. ३ जूनला तिचा २१ वा वाढदिवस. त्या रात्रपाळीला तिने पाठवलेल्या आकड्यांत दाब झपाट्याने उतरतोय आणि वारा फोर्स ६ आहे असं आलं. थोड्या वेळाने फोन आला, पलीकडे इंग्लंडमधली कोणी बाई, आकडे तपासा आणि पुन्हा सांगा. तिने तपासले, लाइटहाउसच्या टेड स्वीनीलाही बघायला सांगितलं, आकडे तेच. नंतर पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय.

चुकत काही नव्हतं. डन्स्टेबलवाले म्हणत होते तसाच लो येतोय याला आता जमिनीवरचा पुरावा मिळाला होता. ४ तारखेला पहाटे सव्वाचारच्या बैठकीत आयझेनहॉवरने बेत २४ तास पुढे ढकलला. काही जहाजं निघालेली होती, त्यांना परत बोलावलं. गंमत म्हणजे त्या वेळी पोर्ट्समथला हवा बऱ्यापैकी शांत होती, बाहेर बघून कोणी म्हणालं नसतं की वादळ येतंय.

मग ४ च्या दुपारी ब्लॅकसॉडहून जे आलं ते मला जास्त मोलाचं वाटतं, वादळाच्या बातमीपेक्षाही. पाऊस थांबला, ढग वर गेले, दृष्टी स्वच्छ. वर सांगितलेल्या खुणा आठवा. कोल्ड फ्रंट ब्लॅकसॉडवरून निघून गेलेला होता. म्हणजे आतापर्यंत नकाशावर अंदाजाने काढलेल्या रेषेला एक पक्का खिळा मिळाला, या वेळेला ती इथे होती.

खिळा मिळाला की हिशोब सोपा, आपणही करून बघू. ब्लॅकसॉड ते पोर्ट्समथ साधारण ७०० किलोमीटर. फ्रंट किती वेगाने पुढे येतो ते त्याच्या मागच्या वाऱ्याचा किती भाग फ्रंटला आडवा ढकलतोय त्यावर ठरतं, समजा ताशी ४५ किलोमीटर धरला. सुमारे पंधरा-सोळा तास. दुपारी निघालेला फ्रंट ५ तारखेच्या पहाटेच्या सुमारास खाडीवर. मी धरलेला वेग हा मासला आहे, त्यांनी नेमका किती धरला त्याच्याशी त्याचा संबंध नाही, पण पद्धत हीच: दोन ठिकाणी फ्रंट कधी होता ते पक्कं करा, अंतर भागिले वेळ, आणि मग पुढे ढकला, बारा तासांच्या पुढे ढकललंत तर जपून कारण फ्रंट वेग बदलतो.

इथे एक घोटाळा भले भले करतात. फ्रंट गेला म्हणजे वारा पडला असं नाही. पाऊस थांबतो, ऊनही पडतं, आणि वारा तसाच धो धो, फक्त दिशा बदललेली. वाऱ्याचा जोर फ्रंटवर नाही, रेषा किती जवळ आहेत त्यावर. म्हणूनच ५ तारखेचा दिवस फ्रंट जाऊनही कामाचा नव्हता.

जोर कसा काढायचा? सूत्र दाबातला फरक भागिले अंतर, आणि त्याला हवेच्या घनतेने आणि अक्षांशावर ठरणाऱ्या पृथ्वीच्या फिरण्याच्या परिणामाने भागायचं. तयार उत्तर देतो. ५० अंश अक्षांशावर ४ मिलिबारच्या दोन रेषांमध्ये २०० किलोमीटर अंतर असेल तर वर, घर्षण नसलेल्या हवेत, वारा सुमारे २८ नॉट येतो. समुद्राच्या पृष्ठभागावर त्याचा पाऊण भाग धरा, २१ नॉट, फोर्स ५. तेच अंतर ४०० किलोमीटर झालं की सगळं निम्मं, पृष्ठभागावर साडेदहा, फोर्स ३ आणि ४ च्या सीमेवर. म्हणजे स्टॅगला ६ तारखेसाठी शोधायचं होतं ते एवढंच की एक लो पुढे सरकल्यावर आणि पुढचा यायच्या आत खाडीवरच्या रेषा कधी आणि किती विरळ होतायत. दोन लोंच्या मध्ये असा विरळ रेषांचा फुगवटा येतो, त्याला रिज म्हणतात. ४ च्या रात्री साडेनऊच्या बैठकीत त्याने सांगितलं ते हेच, ५ च्या दुपारपासून ६ च्या सकाळपर्यंत थोडं बरं. बाहेर तेव्हा पाऊस आपटत होता. ५ च्या पहाटे पुन्हा बैठक, मत बदललं नाही, आयझेनहॉवरने जा म्हणून सांगितलं.

(हीच पट्टी घेऊन आपल्या हवामान खात्याच्या नकाशावर मोजायला बसू नका. रत्नागिरीच्या १७ अंशावर पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम फार कमी असतो, त्यामुळे २०० किलोमीटरवर ४ मिलिबार असले तर हे सूत्र ७० च्या वर नॉट सांगतं. म्हणून आपल्याकडे रेषा २-२ ने काढतात आणि एक रेषा जवळ आली तरी मच्छीमार बोटी आत घेतात. आणि पावसाळ्याच्या नकाशात त्रिकोण-अर्धगोल शोधत बसू नका, गार आणि उबदार हवेची तशी लढाई आपल्याकडे होतच नाही, कमी दाबाचा पट्टा असतो तो वेगळा प्राणी.)

६ तारखेला प्रत्यक्षात काय झालं? वारा पश्चिम ते वायव्य, फोर्स ४ च्या आसपास. म्हणजे मूळ अट पूर्ण झालीच नव्हती, ती मोडूनच निघाले होते. आणि दिशा. नॉर्मंडीचा किनारा उत्तरेकडे तोंड करून, पण पश्चिम बाजूला कोतांतँ द्वीपकल्प भिंतीसारखं वर गेलेलं. सैन्य उतरायच्या किनाऱ्यांना सांकेतिक नावं होती, त्यातला युटा किनारा त्या भिंतीच्या आडोशाला, तिथे पाणी त्या मानाने शांत. ओमाहाला आडोसा नाही, वायव्येचा वारा तिरका आत. ओमाहासमोर पाण्यात तरंगणारे रणगाडे समुद्रात सोडले, एका बटालियनचे २९ सोडले त्यातले २७ बुडाले. त्यांचं कापडी कुंपण शांत पाण्यासाठी केलेलं, त्या दिवशीच्या लाटा त्याला जड गेल्या. वारा कमी झाला तरी लाट लगेच कमी होत नाही, आदल्या दिवशीची ढवळण शिल्लक असते, आणि ही गोष्ट आयसोबारच्या नकाशात कुठेच दिसत नाही. ढगांचंही तसंच. ओमाहावर ढग खाली होते, बॉम्बर्सना खालचं दिसेना, आपल्याच बोटींवर पडू नयेत म्हणून बॉम्ब उशिरा सोडले आणि ते आत शेतांत पडले. दाबाच्या नकाशावरून ढग येणार हे कळतं, किती उंचीवर असतील ते साधारणच कळतं.

समोर जर्मनांकडेही चांगले हवामानवाले होते. पण अटलांटिकमधली निरीक्षणं त्यांच्यापर्यंत फारशी पोचत नव्हती, म्हणजे त्यांच्या नकाशाची डावी बाजू जवळपास कोरी. वादळ आलंय हे त्यांना खिडकीतून दिसत होतं, मागून रिज येतोय हे दिसायला ब्लॅकसॉडसारखी जागा हवी होती. रोमेल तर ४ तारखेलाच बायकोच्या वाढदिवसासाठी घरी निघाला होता.

आता शेवटचा नकाशा तुम्ही वाचा. ५-६-७ हुकले असते तर पुढची संधी १९ जूनच्या आसपास होती. १९ ते २२ जून खाडीत वादळ झालं, ओमाहाला बांधलेलं मलबेरी नावाचं तात्पुरतं बंदर मोडून पडलं ते पुन्हा बांधलंच नाही. पण या वेळी वारा ईशान्येचा होता. ईशान्येकडे पाठ करा, तोंड नैऋत्येला, डावा हात बघा कुठे येतोय. आग्नेयेला, म्हणजे लो फ्रान्सच्या बाजूला आणि हाय उजवीकडे, ब्रिटनच्या वायव्येला. स्कॉटलंडजवळ ९८० चा राक्षस शोधायला गेलात तर काही सापडणार नाही. हाय आणि लो यांच्या मध्ये रेषा चेपल्या गेल्या होत्या, तेवढं पुरलं, आणि कोतांतँची भिंत ज्या बाजूला होती त्या बाजूने वारा आलाच नाही.